पार्सल पोचलं, पैसे कुठं अडकले?

रिसोड तालुक्यातल्या रिठदहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आमचा गट हळद पावडर आणि तूरडाळ विकतो. फोनवर ऑर्डर येते, कुरिअरवाला पार्सल नेतो, गिऱ्हाइकाच्या दारात पैसे घेतो आणि मग ते आमच्या खात्यात टाकतो. पूर्वी पोस्टाची व्हीपी असायची, तसंच हे. पोस्टमन पैसे घ्यायचा आणि मनीऑर्डरनं धाडायचा.

एका महिन्यात आम्ही १८ पार्सलं पाठवली, प्रत्येक ४५० रुपयांचं. १४ पोचली, तीन परत आली, एक वाटेवर होतं. म्हणजे १४ गुणिले ४५०, ६,३०० रुपये यायला हवे होते. आले ३,४२०. मीटिंगमध्ये सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी म्हणे कुरिअरवाल्यानं खाल्ले, कुणी हिशेब लिहिणारीकडं बघू लागल्या. शेवटी ठरलं, आधी एकेक पार्सल शोधायचं, मग बोलायचं.

पहिलं काम, वही. प्रत्येक पार्सलच्या पावतीवर एक लांब नंबर असतो, त्याला एडब्ल्यूबी नंबर म्हणतात. तो, गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम आणि पोचल्याची तारीख आम्ही ओळीनं लिहिली. पार्सल पाठवल्याची तारीख इथं कामाची नाही. पैसे मोजले जातात ते पोचल्याच्या तारखेपासून.

दुसरं काम, कुरिअरकडून भरण्याचा तक्ता मागवणं. त्यांच्या अ‍ॅपमध्ये तो ‘सीओडी रेमिटन्स’ नावाखाली असतो. त्यात कोणत्या एडब्ल्यूबीचे किती पैसे दिले, काय कापलं आणि बँकेचा यूटीआर नंबर असतो. बँकेत एकच रक्कम दिसते, तिच्या पोटात कोणती पार्सलं आहेत हे फक्त या तक्त्यावरूनच कळतं.

आमच्या तक्त्यात नऊच पार्सलं निघाली. त्यांचे ४,०५० रुपये. त्यातून परत आलेल्या तीन पार्सलांचं येण्याचं भाडं ९० प्रमाणे २७०, आणि पैसे गोळा करण्याचा आकार ४० प्रमाणे ३६० कापला होता. उरले ३,४२०. हिशेब रुपयाला रुपया जुळला. हा आकार करारात लिहिलेला होता, आम्हीच वाचला नव्हता.

मग उरली पाच पार्सलं. आमच्या करारात भरणा दर बुधवारी, पण त्यात आधीच्या बुधवारपर्यंत पोचलेलीच पार्सलं धरतात. दोन पार्सलं त्यानंतर पोचली होती. ती पुढच्या बुधवारच्या भरण्यात आली. अशा पैशासाठी भांडायचं नाही, थांबायचं.

खरी अडकलेली तीन. त्या तिन्ही गिऱ्हाइकांना आम्ही फोन केला आणि एवढंच विचारलं, “ताई, पैसे दिले का? रोख की फोनवरून?” एक म्हणाल्या, “मला कुणी मागितलेच नाहीत.” पावती पाहिली तर आमच्याच मुलीनं बुकिंग करताना ‘प्रीपेड’ निवडलेलं. मग कुरिअरवाला पैसे मागणार कसा? त्या ताईंनी ४५० रुपये आम्हाला थेट पाठवले. उरलेल्या दोघींनी रोख दिले होते.

त्या दोन पार्सलांची तक्रार आम्ही ईमेलनं केली. त्यात एडब्ल्यूबी, पोचल्याची तारीख, रक्कम, गिऱ्हाइकानं पैसे दिल्याचं सांगितलेलं, आणि कोणत्या भरण्यात ती यायला हवी होती ते, एवढंच लिहिलं. पार्सल पोचल्याचा पुरावा मागितला आणि तक्रार नंबर वहीत टिपला. पुढच्या भरण्यात आकार कापून ८२० रुपये आले. फोनवर नुसतं “पैसे आले नाहीत” म्हणत होतो, तोवर “बघतो” एवढंच उत्तर मिळत होतं.

गिऱ्हाइकानं फोनवरून पैसे दिले असतील, तर त्या व्यवहाराचा नंबर आणि पैसे कुणाच्या नावावर गेले ते विचारा. कंपनीऐवजी पार्सल देणाऱ्या पोराच्या स्वतःच्या नावावर गेले असतील, तर तक्रारीत ते ठळक लिहा. कंपनीच्या तक्त्यात अशी रक्कम आपोआप येणार नाही.

आणि तक्ता म्हणतो पैसे दिले, पण पासबुकात नाहीत, असं झालं तर यूटीआर नंबर घेऊन बँकेत जा. तिथं आलेलेच नसतील, तर कुरिअरकडं नोंदवलेला खाते नंबर आणि आयएफएससी तपासून घ्या. एक अंक चुकला तरी भरणा अडकू शकतो.

तक्रारीचा फोन नंबर करारातून किंवा अ‍ॅपमधूनच घ्या. “अडकलेले पैसे सोडवतो, ओटीपी सांगा” असं कुणी म्हटलं, तर फोन ठेवून द्या. पैसे खात्यात यायला ओटीपी लागत नाही.

आता दर गुरुवारी आमच्यातल्या दोघी वही, तक्ता आणि पासबुक शेजारी ठेवून बसतात. जुळलं त्या ओळीवर टिचकी मारतात. टिचकी नसलेली ओळ दुसऱ्या गुरुवारी तशीच राहिली, की त्याच दिवशी तक्रार जाते.