बाळ झोपलं, तरी आईचा डोळा लागत नाही

बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला, वही मिटली, की आपल्या खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाची सून कितव्या महिन्यात आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे, हे सगळं तिथेच कळतं. आज त्यातल्याच एका गोष्टीवर बोलायचं आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बाईच्या जिवाला लागणारा घोर. बाळंतीण रडते, गप्प राहते, हे निदान घरच्यांच्या डोळ्यांना दिसतं. घोर मात्र दिसत नाही, कारण बाळाची काळजी करणारी आई म्हणजे चांगली आई, असंच आपण समजतो.

काळजी तर सगळ्यांनाच असते. सिझर होईल का, रक्त कमी सांगितलंय, रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी मिळेल का, मागचं मूल पोटातच गेलं, आता या वेळी काय होईल. यातली एकही काळजी खोटी नाही. दोन मुलींवर दिवस गेलेल्या बाईला "आता तरी मुलगा होऊ दे" हे रोज ऐकावं लागतं आणि तिची छाती धडधडते, तेव्हा औषधाची गरज तिला नसते. गप्प बसण्याची गरज बोलणाऱ्यांना असते. हे मी स्पष्टच सांगते.

पोटातल्या बाळाच्या हालचालीची काळजी फार जणींना असते. साधारण पाचव्या महिन्यात हालचाल कळायला लागते. सातवा महिना लागला, की बाळाची फिरण्याची आणि झोपण्याची एक सवय पडते आणि ती आईलाच ओळखू येते. आज हालचाल कमी वाटते असं झालं, तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर शांत पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा स्पष्ट कमी वाटल्या, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, सकाळची वाट बघू नका. इथे "तू उगाच घाबरतेस" असं कुणीही म्हणू नये. पण तपासणी झाली, ठोके चांगले निघाले, हालचालही नेहमीसारखी आहे, आणि तरीही बाई दिवसातून दहा वेळा पोट दाबून बघते, जेवण सोडून मोजत बसते, चांगलं आहे असं सांगितल्यावर तासभरही मन थाऱ्यावर राहत नाही, तर आता प्रश्न तिच्या मनाचा आहे. त्यालाही डॉक्टर लागतो.

हा फरक ओळखायला डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. तेच आपण आपल्या लेकीसुनांना विचारू शकतो. गेल्या दोन आठवड्यांत सारखं घाबरल्यासारखं, जीव टांगणीला लागल्यासारखं वाटलं का? आणि काळजी थांबवायची म्हटली तरी थांबत नाही, असं झालं का? अजिबात नाही म्हणाली तर शून्य. काही दिवस म्हणाली तर एक, निम्म्याहून जास्त दिवस म्हणाली तर दोन, जवळजवळ रोज म्हणाली तर तीन. दोन्ही उत्तरांची बेरीज तीन किंवा जास्त आली, तर डॉक्टरांशी बोलायचं. यावरून आजार ठरत नाही, तो डॉक्टरच ठरवतात. जायचं की नाही, एवढं मात्र कळतं.

आता एक हकिगत सांगते. नाव-गाव सांगणार नाही. गटातल्या एका ताईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण सुखरूप झालं, बाळ पावणेतीन किलोचं, दूधही चांगलं. पहिले सात-आठ दिवस तिला मधूनच रडू यायचं. ते बहुतेक बाळंतिणींना होतं. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं एकदम उतरतात, झोप मोडलेली असते, आणि दोन आठवड्यांच्या आत हे आपोआप निवळतं. हिचं रडू निवळलं, पण दुसरंच सुरू झालं. बाळ झोपलं, की ही मोबाइलचा उजेड लावून त्याचा श्वास बघायची. बाळाने श्वास मध्येच थांबवला, असं तिला वाटलं आणि तिथपासून तिची झोप गेली.

इथे थोडं थांबून सांगते. नवं बाळ मिनिटाला चाळीस ते साठ वेळा श्वास घेतं, म्हणजे आपल्या दुपटी-तिपटीने. मधे पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भरभर श्वास घेणं हेही त्याच्या वयाला धरूनच आहे. श्वास मोजायचाच असेल, तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावा. साठ किंवा त्याच्यावर गेला तर पुन्हा एकदा मोजावा. तरी तेवढाच आला, छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, दूध ओढत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर लगेच दवाखाना. हे या लेकीला कुणीच सांगितलं नव्हतं.

पाचवा आठवडा आला तेव्हा ती पहाटे चारपर्यंत बसून असायची. आई म्हणायची, "बाई, बाळ झोपलंय, तूही झोप." ती आडवी व्हायची, पण डोळा लागायचा नाही. छाती धडधडायची, हाताला घाम यायचा. मग तिने बाळाला आंघोळ घालणं सोडलं. घरामागच्या विहिरीकडे जाणं सोडलं. घरच्यांना वाटलं, बाळंतिणीला बाहेरचं काही लागलं. दृष्ट काढली, एका भगताकडे नेलं. एका खासगी डॉक्टरांकडे "अशक्तपणा" म्हणून दाखवलं, सलाइन लावून परत आणलं. तिने स्वतः तोंड उघडलं नव्हतं, तर डॉक्टरांना तरी काय कळणार?

दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. आपण त्यांच्यासमोर बाळ वजनाला देतो आणि चहा विचारतो. त्या बेचाळिसाव्या दिवशी आलेल्या आशाताईंनी आईला चहा करायला आत पाठवलं आणि लेकीला एकच प्रश्न विचारला: "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" लेक रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, मी विहिरीजवळून गेले, की माझ्या हातून बाळ आत पडेल असं डोळ्यांसमोर येतं. मी वाईट आई आहे. कुणाला सांगितलं तर बाळ माझ्यापासून काढून घेतील."

मैत्रिणींनो, असा नको असलेला विचार अचानक डोक्यात येणं पुष्कळ बाळंतिणींना होतं. कुणाला विळी दिसली की येतो, कुणाला जिना उतरताना. आईला त्या विचाराची किळस येते, भीती वाटते, म्हणून तर ती विहिरीपासून लांब पळते. अशी आई बाळाला इजा करायला निघालेली नसते. विचार येणं आणि तसं करावंसं वाटणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक डॉक्टर नीट विचारून ओळखतात.

आशाताई तिला बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. आधी रक्तदाब, मग रक्त तपासलं. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडची तपासणी ठीक आली. ही तपासणी मुद्दाम करतात, कारण बाळंतपणानंतर काही बायकांची थायरॉइड बिघडते आणि धडधड, घाम, झोप न लागणं हे सगळं त्यानेही होतं. रक्त फार कमी असलं तरी छाती धडधडते. मग तिला जळगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, कानात आवाज येतात का, कुणी सांगतंय असं वाटतं का, तो विचार आला की तुला कसं वाटतं, स्वतःला संपवावंसं वाटतं का. हे प्रश्न विचारल्याने कुणाच्या मनात नवा विचार घुसत नाही. उलट तिला बोलायला वाट मिळाली.

अंगावर पाजताना चालेल अशी गोळी कमी मात्रेत सुरू झाली. अशा गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून आपल्या बायका गोळी सोडतात, आणि बरं वाटलं म्हणूनही लगेच सोडतात. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यावी लागते आणि डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावी लागते. गोळीच्या जोडीला समुपदेशन होतं. श्वास बघणं एकदम बंद करायला सांगितलं नाही. आधी रात्रीतून ठरवून तीनदा, पुढच्या आठवड्यात एकदा, मग अजिबात नाही. आणि आईला सांगितलं, रात्री नऊ ते दोन बाळ तुमच्याजवळ. भुकेलं तर लेकीजवळ द्या, पाजून झालं की परत घ्या. लेकीने त्या वेळात झोपायचं. दोन महिन्यांनी ती स्वतःच्या हाताने बाळाला आंघोळ घालत होती. विहिरीकडे जायला मात्र अजून थोडा वेळ लागला.

काही वेळा दोन आठवडे थांबायचं नसतं. बाळंतीण दोन-तीन रात्री झोपली नाही आणि तिला झोपेची गरजच वाटत नाही, असंबद्ध बोलते, आवाज ऐकू येतात म्हणते, घरच्यांवर संशय घेते, हे बाळ माझं नाही किंवा बाळात काही शिरलंय म्हणते, तर तो मोठा आजार आहे. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत अचानक येतो. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, 108ला फोन करा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मरून जावंसं वाटतं असं कुणी म्हणालं, तरी तसंच. बाळ काढून घेतील या भीतीने लपवू नका. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हटलं आहे, की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालच्या मुलाला एरवी वेगळं करायचं नाही. बाळाला धोका असेल तेव्हाच, तेही तात्पुरतं, वेगळं ठेवतात.

आणखी एक सांगायचं राहतं. एकाएकी दम लागणं, छातीत दुखणं, एकच पाय सुजून दुखणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, हे घाबरल्याने होतंय असं समजू नका. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हे अंगाचे धोक्याचे इशारे आहेत. लगेच जायचं.

डॉक्टरांसमोर गेल्यावर "बरं वाटत नाही" एवढंच म्हणू नका. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. किती दिवसांपासून, रात्री किती तास झोप, काय करणं सोडलं, आणि मी गरोदर आहे किंवा अंगावर पाजते, हे चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून माता-बाल कार्डात ठेवा. पूर्वी मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर तेही सांगा; दिवस राहिले म्हणून ती मनाने बंद करू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथेही हे बोलता येतं. जाणं जमत नसेल, तर टेली-मानसचा क्रमांक आहे 14416. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. घरात फोन नवऱ्याकडे किंवा सासऱ्यांकडे असेल, तर आशाताईंच्या फोनवरून लावा, किंवा गटाच्या बैठकीच्या दिवशी माझ्या फोनवरून लावा. तुम्ही बोलत असाल तेवढा वेळ मी बाहेर ओट्यावर बाळ धरून बसेन.