जेवण झाले का?

परदेशातून बंगळुरूला आलेल्या विद्यार्थ्याला शेजारचे वृद्ध गृहस्थ दुपारी विचारतात, ‘ऊट आय्ता?’ जेवण झाले का? तो ‘नाही’ म्हणतो व आमंत्रणाची वाट पाहतो. गृहस्थ ‘ऊट माडि’, जेवून घ्या, म्हणून निघून जातात. त्याला तो उपहास वाटतो. वस्तुतः हा कुशलप्रश्न होय, ‘आय्तु, निम्दु?’, झाले, तुमचे?, एवढे उत्तर पुरते. मात्र वसतिगृहातील मित्रांत रूढ असलेले ‘निन्दु’, म्हणजे ‘तुझे’, त्याच्या तोंडी आले, तर गृहस्थ बहुधा काही बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रश्नच येणार नाही. खरे आमंत्रण वेगळे ओळखू येते: त्यात वार आणि वेळ सांगितलेली असते.