मोफत बायोडाटा आणि आठवड्याचे बिल

(पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



नोकरीचा अर्ज करावयाचा म्हणजे प्रथम बायोडाटा हवा. तो तयार करून देणारी अनेक अॅप्स आज मोबाईलवर उपलब्ध आहेत. त्यांपैकी काहींचा व्यवहार कसा चालतो, एवढाच विषय मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

समजा, एका विद्यार्थिनीने असे अॅप उघडले. ‘मोफत’ असे वाचून तिने एक सुबक नमुना निवडला आणि दोन तास खर्चून आपले शिक्षण, प्रकल्प व अनुभव त्यात भरला. येथवर कोणी पैसे मागितले नाहीत. बायोडाटा उतरवून घेण्याचे बटण दाबल्यावर मात्र तिच्यापुढे तीन पर्याय आले. साधी मजकुराची फाईल मोफत होती, परंतु तीत नमुन्याची मांडणी राहत नव्हती. मोफत पीडीएफच्या तळाशी अॅपच्या नावाचा छाप होता. स्वच्छ पीडीएफ व वर्ड फाईल हवी असल्यास ‘सात दिवस मोफत, नंतर दर आठवड्यास १९९ रुपये’ अशी योजना होती. अर्जाची मुदत त्याच रात्री संपत होती. मागणी नेमकी याच क्षणी यावी, अशीच ही रचना असते. कारण दोन तासांचे श्रम सोडून देण्यास मन तयार होत नाही.

आता हिशेब पाहू. १९९ रुपये ही रक्कम लहान वाटते. पण वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे वर्षाला १०,३४८ रुपये. नोकरीचा शोध तीन महिने चालला, तर १३ आठवड्यांचे २,५८७ रुपये होतात. बायोडाटा मात्र एकदाच उतरवून घ्यावयाचा होता.

‘मोफत चाचणीत माझे पैसे कसे कापले जातील?’ असे आपण विचाराल. याचे उत्तर ओटीपीत किंवा यूपीआयच्या पिनमध्ये आहे. चाचणी सुरू करताना एखादा रुपया घेतला जातो किंवा काहीच घेतले जात नाही. म्हणून आपण निश्चिंतपणे आकडे भरतो. वस्तुतः ती संमती त्या रुपयापुरती नसून पुढील सर्व वसुलीस दिलेली असते. पडद्यावर कमाल रक्कम व ‘दर आठवड्यास’ असे शब्द असतात. वाचावयाची जागा तीच होय.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना द्यावी लागते व संमती मागे घेण्याची सोयही ठेवावी लागते. हे नियम ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अंमलात आले. मात्र २०२२ पासून सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीस दर वेळी ओटीपी लागत नाही. त्यामुळे १९९ रुपयांची सूचना इतर संदेशांच्या गर्दीत हरवली, तर पैसे निमूटपणे जातात.

यावर उपाय क्रमाने करावा. प्रथम पीडीएफ व वर्ड अशा दोन्ही फाईली उतरवून घ्याव्यात, कारण काही ठिकाणी वर्गणी रद्द करताच सोयी बंद होतात. पीडीएफमधील एखादी ओळ निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावी. अक्षरे आली नाहीत तर ती फाईल केवळ चित्र आहे. अर्जांची छाननी करणाऱ्या संगणकास ती नीट वाचता न येण्याचा धोका असतो. त्यानंतर त्याच दिवशी वर्गणी रद्द करावी. अॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. गुगल प्लेवरून घेतली असल्यास तेथील ‘Subscriptions’ या विभागात जावे. ॲपलच्या फोनवर चाचणी संपण्याच्या किमान २४ तास आधी हे करावे. यूपीआयने संमती दिली असल्यास पैसे भरण्याच्या अॅपमधील ऑटोपे विभागातूनही ती मागे घ्यावी. रद्द झाल्याच्या संदेशाचे व किंमत दाखविणाऱ्या पानाचे चित्र जपून ठेवावे.

रद्द करण्याची वाट लपविणे, अथवा मोफत वर्गणीसाठी पैसे भरण्याचा तपशील वा आपोआप वसुलीची संमती देणे भाग पाडणे, यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘वर्गणीचा सापळा’ या अर्थाची संज्ञा दिली असून अशा प्रथेस मनाई केली आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर करता येते. तेव्हा जपून ठेवलेली चित्रे उपयोगी पडतात.

त्या विद्यार्थिनीपुढे आणखी एक वाट होती. लिब्रेऑफिसमध्ये किंवा गुगल डॉक्समध्ये साधा, एका रकान्याचा बायोडाटा लिहून त्याची पीडीएफ करता येते. तीवर छाप नसतो आणि पुढच्या आठवड्यात बिलही येत नाही. म्हणून दोन तास खर्च करण्यापूर्वी उतरवून घेण्याची किंमत कोठे लिहिली आहे, ते शोधा. ती सापडली नाही, तर त्या अॅपमध्ये आपले नावही लिहू नका.