ज्याचा प्रश्न, त्याची भाषा
(गणेशोत्सवातील सभासदांच्या कार्यक्रमात केलेले निवेदन)

आमच्या चमूला सांगितलं होतं की ग्रुपवरचा बॉट कसा केला ते थोडक्यात सांगा. तो कसा केला यापेक्षा तो कुठे कुठे चुकला, तेच सांगतो.

आपल्या इंदूरच्या ग्रुपची रीत तुम्ही जाणताच. आजी-आजोबा देवनागरीत मराठी लिहितात, मधली पिढी रोमन अक्षरांत, नातवंडं हिंदीत आणि परदेशी गेलेले इंग्रजीत. आरती, प्रसाद आणि वर्गणीचे तेच तेच प्रश्न रोज येतात. म्हणून टेलिग्रामवर बॉट ठेवला. ज्याने ज्या भाषेत विचारलं, त्याला त्याच भाषेत उत्तर, एवढाच नियम.

पहिल्याच दिवशी एका काकूंनी मराठीत विचारलं आणि त्यांना हिंदीत उत्तर गेलं. काकू म्हणाल्या, "आपल्याच मंडळात आता मला हिंदीत उत्तर?" आम्हाला ते फार लागलं. शोध घेतला तर चूक आमचीच निघाली. बॉटला प्रत्येक निरोपाबरोबर दोन क्रमांक मिळतात: `chat.id` हा ग्रुपचा आणि `from.id` हा लिहिणाऱ्याचा. निरोपावरून भाषा ठरत नसेल तर आधीची भाषा वापरायची, असं आम्ही ठरवलं होतं. पण ती साठवली `chat.id` वर, म्हणजे साऱ्या ग्रुपची मिळून एकच. काकूंच्या अगोदर एका मुलाने हिंदीत विचारलं होतं. काकूंनी लिहिलं होतं फक्त "प्रसाद?", त्यामुळे त्या मुलाची भाषा त्यांच्या पदरी पडली. क्रमांक `from.id` केला आणि तो घोटाळा मिटला.

कुणी सुचवलं की `language_code` पाहा, टेलिग्राम तोही पाठवतो. पण ती असते फोनमधल्या ॲपची भाषा. आपल्यातल्या बहुतेकांचे फोन इंग्रजीत आहेत. सगळ्यांनाच इंग्रजीत उत्तरं गेली असती.

मग निरोप वाचूनच भाषा ओळखायची. लिपी इथे उपयोगाची नाही, कारण मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीच. 'ळ' दिसला की मराठी, असं वाटलं होतं. पण "मंडळ का पता क्या है" असं लिहिणारी मुलं आपल्याकडे आहेत. नामांवरही भिस्त ठेवता येत नाही, आरती, टाइम, लोकेशन सगळ्यांचेच. भाषा कळते ती छोट्या शब्दांवरून: आहे, कधी, किती, मला हे मराठीचे, है, कब, कितने, मुझे हे हिंदीचे, इंग्रजीचे is, when, where. ज्या भाषेचे शब्द जास्त, ती भाषा. म्हणून "Tomorrow aarti kiti vajta ahe?" हे मराठीच ठरतं, सुरुवात इंग्रजीने झाली तरी.

या यादीतून काही शब्द मात्र काढावे लागले. 'का' पहिला. "आरती का टाइम" यात तो हिंदीचा, "येणार का" यात मराठीचा. 'की' आणि 'या' यांचंही तसंच. रोमनमधला `nahi` दोन्हीकडचा. आणि `kadhi` तर मजेशीर निघाला. महाप्रसादाच्या दिवशी एकाने `kadhi hai kya` असं विचारलं. त्याला कढी हवी होती. बॉटने 'कधी' वाचून महाप्रसादाची वेळ कळवली.

खरा धोका `kal` या शब्दात होता. मराठीत तो काल, हिंदीत कालही आणि उद्याही. एका सभासदांनी `kal aarti 8?` असं विचारलं. त्यांना उद्याची वेळ हवी होती, पण आधीची भाषा मराठी असल्याने बॉटने कालच्या आरतीची वेळ सांगितली. उद्या आरती 7 ला होती. ते सहकुटुंब 8 ला आले तेव्हा आरती आटोपली होती आणि आम्ही आवराआवर करत होतो. तेव्हापासून एक नियम केला: रोमनमध्ये `kal` आला आणि मदतीला दुसरा छोटा शब्द नसेल, तर अंदाज करायचा नाही. बॉट कालची आणि उद्याची, दोन्ही आरत्या तारीख-वारासकट सांगतो. उत्तर दोन ओळींचं होतं, ते चालतं. तारीख आता प्रत्येकच उत्तरात असते, भाषा चुकली तरी दिवस चुकू नये म्हणून.

नुसतं 'ok' किंवा जोडलेले हात आले तर बॉट गप्प बसतो. त्यात ओळखण्यासारखं काही नसतं आणि उत्तराची अपेक्षाही नसते.

एक गोष्ट मात्र यादीने सुटली नाही. त्याच काकू नंतर मुद्दाम हिंदीत विचारू लागल्या, कारण सूनबाई त्यांच्या फोनवर उत्तर वाचते. पण वर्गणीची पावती त्यांना मराठीतच हवी. म्हणून `/marathi`, `/hindi` आणि `/english` अशा तीन आज्ञा ठेवल्या. एकदा लिहिली की पावती त्या भाषेत, मग प्रश्न कुठल्याही भाषेत असो. काकूंनी `/marathi` स्वतः टाइप केलं आणि दुसऱ्या दिवशी मंडपात येऊन पावती आम्हाला दाखवली.