सही करता का, की करता येते का?



गटाच्या बैठकीत हल्ली कागद फार येतात. कुठे कर्जाचा अर्ज, कुठे विम्याचा, कुठे सर्वेक्षणाचा, कुठे फोटोच्या संमतीचा. यातले बरेच कागद मुळात इंग्रजीत तयार होतात आणि मग मराठीत उतरतात. ते वाचून दाखवायचं काम आपल्यातल्याच कुणाकडे तरी येतं. कधी सचिव, कधी सीआरपी ताई, तर कधी बारावी झालेली एखादी सून. आजचं बोलणं तिच्यासाठी आहे आणि समोर बसून ऐकणाऱ्या बाईसाठीही आहे. दुसऱ्याला काही करायला सांगायचं आहे, पण तो हुकूम वाटू नये, तर आपल्या मराठीत ते कसं म्हणायचं, एवढाच विषय आहे.

इंग्रजीत नम्रपणे सांगायची एक रीत आहे. 'सही करा' असं सरळ न म्हणता ते 'कुड यू साइन' असं विचारतात. शब्द पाहिले तर तो प्रश्न आहे, 'तुम्ही सही करू शकाल का?' पण इंग्रजी बोलणारा माणूस तो प्रश्न म्हणून ऐकतच नाही. त्याच्या कानाला ते 'जरा सही करा' असंच लागतं.

मराठीत 'शकणे' हे क्रियापद तसं वागत नाही. त्यात ताकदीचा, कुवतीचा अर्थ अजून जिवंत आहे. 'म्हातारा चालू शकतो का?' म्हणजे त्याच्या पायात तेवढा जोर आहे का. आता हेच क्रियापद बैठकीत आणून बघा. दहा जणी बसल्यात. त्यात सत्तरीच्या एक मावशी आहेत. गटात आल्यावर त्या सही करायला शिकल्या, हळूहळू का होईना, पण करतात. आणि वाचणारी सगळ्यांसमोर म्हणते, "मावशी, तुम्ही इथे सही करू शकता का?"

वाचणारीच्या मनात काही वाईट नाही, कागदावर होतं तेच तिनं वाचलं. पण मावशीला ऐकू येतं, 'तुला सही येते का गं?' साऱ्या जणी तिच्याकडे बघतात. ती हात पदराखाली घेते आणि म्हणते, "अंगठाच घे, माय." झालं! जिला सही येते, तिचा अंगठा कागदावर लागला. पुढे त्या अंगठ्याला साक्षीदार शोधायचे, आणि पुढच्या खेपेला मावशी पेन हातात घेईलच असं नाही.

मग काय म्हणायचं? "मावशी, इथं जरा सही करता का?" एवढंच. 'करू शकता का'मधला 'शकता' गेला आणि 'करता का' राहिलं. यात मावशीला सही येते हे धरूनच चाललंय, आता फक्त ती करायची का एवढंच विचारलंय. 'जरा'मुळे काम हलकं झालं आणि 'का'मुळे हुकूम गेला.

इथं आणखी एक बारीक जागा आहे. 'येते' आणि 'येईल' यांत उच्चाराचा फरक थोडासाच आहे, अर्थाचा मात्र फार मोठा. "सही करता येते का?" म्हणजे शिकलात का. "आज सही करता येईल का?" म्हणजे आज जमेल का, सवड आहे का. पहिल्या प्रश्नात बाईची परीक्षा आहे, दुसऱ्यात दिवसाची चौकशी आहे. म्हणून 'येईल का' वापरायचं असेल तर त्याच्या पुढे 'आज', 'आत्ता', 'बैठकीनंतर' असा वेळेचा शब्द ठेवा आणि 'तुम्हाला' हा शब्द गाळा. "तुम्हाला सही करता येईल का?" म्हटलं की बोट पुन्हा तिच्याकडेच वळतं.

या 'येईल का'चा खरा उपयोग दुसरीकडे आहे. समोरच्याला नाही म्हणायला सोपं जावं असं वाटतं तेव्हा तो करायचा. शेजारणीकडे शेवयांचं यंत्र मागायचं आहे. "यंत्र देता का?" विचारलं आणि तिला द्यायचं नसेल, तर तिला 'देत नाही' म्हणावं लागतं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत हे जड जातं. पण "काकू, उद्या यंत्र देता येईल का?" विचारलं, तर ती म्हणू शकते, "उद्या नाही येणार गं, लेकीकडं न्यायचंय." नाही म्हटलं, पण 'मी देत नाही' असं तिला म्हणावं लागलं नाही. याहून मऊ बोलायचं असेल तर "यंत्र मिळेल का?" म्हणावं. यात तर देणारी बाई वाक्यात कुठे दिसतच नाही. इंग्रजीत 'कुड यू पॉसिबली' म्हणतात, त्याची मराठीतली जागा साधारण ही आहे. त्यासाठी 'शक्यतो' हा शब्द आणून बसवला तर गडबड होते. 'शक्यतो उद्या द्या' म्हणजे जमेल तितकं उद्याच द्या. ती विनंती न राहता तगादा होतो.

आता दुसरा प्रश्न, आणि तो सहीपेक्षाही नाजूक आहे. इंग्रजी कागदावर असतं, 'वुड यू माइंड'. आम्ही तुमचा फोटो काढला तर तुमची हरकत आहे का? मराठीत उतरवताना तसंच उतरतं, "तुमची हरकत आहे का?" यातला घोळ उत्तरात आहे. हरकत नसेल तर उत्तर 'नाही' येतं, म्हणजे 'नाही'चा अर्थ काढा. आणि 'हो' म्हणजे काढू नका. पण बाई 'हरकत' हा शब्द ऐकत बसत नाही, ती फोटोचं ऐकते. फोटो नको असेल तर ती मान हलवून 'नाही' म्हणते, आणि कागद भरणारी लिहिते, हरकत नाही. बाईनं नकार दिला आणि कागदावर संमती लागली!

हे ओळखायचं कसं? उत्तर देऊन झाल्यावर बाई काय करते ते बघा. 'नाही' म्हणाली आणि पदर सारखा करून नीट बसली, तर तिची हरकत नाही. 'नाही' म्हणाली आणि तोंड वळवलं, तर तिला फोटो नकोय. पण असं अंदाजावर का ठेवायचं? आपल्या भाषेत याला सरळ शब्द आहे. "ताई, तुमचा फोटो काढला तर चालेल का?" चालेल तर ती 'चालेल' म्हणते, नसेल तर 'नको' म्हणते. मराठीत 'नाही' वेगळं आणि 'नको' वेगळं, हे आपल्या भाषेचं मोठं सोयीचं आहे. 'नको'चा दुसरा अर्थ निघत नाही. म्हणून संमतीचा प्रश्न नेहमी असा करा की नकाराचं उत्तर 'नको' असंच येईल. "फोटो काढू का?", "नाव लिहू का?", "हे मासिकात छापलं तर चालेल का?" आणि नुसत्या 'नाही'वर खूण करू नका. "म्हणजे काढू, का नको?" असं एकदा विचारा.

तिसरी गोष्ट 'कृपया'ची. 'प्लीज' दिसलं की मराठीत 'कृपया' लिहायची सवय पडली आहे. कागदावर, पाटीवर तो शब्द ठीक आहे. 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' वाचताना खटकत नाही. पण सासूला "आत्याबाई, कृपया भाकरी थापा" म्हणून बघा. आत्याबाई विचारतील, काय गं, रुसलीस का? बोलताना आपला नम्रपणा 'कृपया'त नसतो. तो आधी नात्याच्या हाकेत असतो, आणि मग वाक्याच्या शेपटात. "आत्याबाई, तेवढ्या भाकरी थापता का? मी म्हशीचं बघते." इथं 'आत्याबाई' आहे, 'तेवढ्या' आहे, 'का' आहे, आणि मी रिकामी बसणार नाही हेही सांगितलं आहे. एवढं असल्यावर 'कृपया'ला काही काम उरत नाही. आपल्याकडं 'बरं'ही तेच काम करतं. "इकडं या बरं" म्हटलं की 'या'चा कडकपणा जातो. मात्र 'बरं' आपल्या माणसांत शोभतं. बँकेतल्या साहेबांना "सही करा बरं" म्हटलं तर ते दरडावल्यासारखं लागतं.

आता साहेबांचा विषय निघालाच आहे, तर मऊपणाची मर्यादाही बघू. समजा, आपण उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज द्यायला गेलो. अर्ज खिडकीत दिला आणि पोच हवी आहे. आपण फार नम्र होऊन विचारतो, "साहेब, पोच मिळेल का?" शेवयांच्या यंत्राला जे वाक्य चांगलं, ते इथं चुकीचं. का? कारण 'मिळेल का'मध्ये नाही म्हणायची वाट आपणच उघडी ठेवली. समोरून उत्तर येतं, "नंतर या." आणि पोच ही काही उसनी वस्तू नाही. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्यात ठरलेल्या सेवांसाठी अर्ज केला की त्याची पोच मिळाली पाहिजे आणि दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला पाहिजे. मुदत मोजायची ती कागदपत्रांसह पूर्ण अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून, म्हणून पोचेवरची तारीख महत्त्वाची. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, तेव्हा हातात ही पोच लागते.

तिथं असं म्हणावं, "साहेब, एवढी पोच द्या, म्हणजे आम्ही निघतो." 'साहेब' म्हणून मान राखला, 'एवढी' म्हणून काम लहान केलं, 'द्या'त आदर आहेच. पण 'का' काढून टाकला. प्रश्नच नाही, तर नाही म्हणायला जागा नाही. उद्धटपणाही नाही. याच अर्जात लिहिताना मात्र 'द्या' नको. कागदावर 'उत्पन्नाचा दाखला मिळावा, ही विनंती' असं लिहायचं. 'मिळावा'मधला 'वा' कागदावर मान राखतो आणि मागणीही सोडत नाही. त्याच्या आगेमागे 'कृपया', 'नम्र', 'कळकळीची' असे शब्द रचायची गरज नाही.

तर मैत्रिणींनो, मागण्याआधी एकच गोष्ट मनाशी ठरवायची. समोरच्यानं नाही म्हटलं तर मला चालणार आहे का? शेजारणीनं यंत्राला नाही म्हटलं तर चालतं, तिथं 'देता येईल का'. फोटोला बाईनं नाही म्हटलं तर ते चाललंच पाहिजे, तिथं 'चालेल का', आणि 'नको' ऐकायची तयारी. पोचेला नाही चालत नाही, तिथं 'साहेब, एवढी द्या'. आणि मावशीच्या सहीला 'शकता' नको. पुढच्या बैठकीत कागद वाचायचा असेल, तर घरी आधी एकदा वाचा. जिथं जिथं 'शकता का' आणि 'हरकत आहे का' दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण करा, आणि बैठकीत वाचताना तेवढं वाक्य आपल्या बोलीत म्हणा. कागद तोच राहील, सही आणि संमती मात्र खरी होईल.