फिट नेमकी कुठून सुरू झाली?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा नीटनेटका करून.)



मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झालो. पण आमच्या नात्यात दोघांना फिट येण्याचा त्रास आहे. एक माझा पुतण्या आणि दुसरी माझ्या मेव्हण्याची नात. दोघांबरोबर न्यूरॉलॉजिस्टकडे बसण्याची वेळ पुष्कळदा आली, तिथे ऐकलं, नंतर वाचलं. नाव एकच, 'फिट', पण दोघांच्या बाबतीत मेंदूत घडणारी गोष्ट वेगळी आणि औषधही वेगळं. हा फरक काय, तेवढंच आज सांगतो. दोघांच्या घरच्यांना विचारूनच सांगतोय.

आधी मेंदूचं बघू. आपल्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे एक लहानशी बॅटरी समजा. पेशीच्या पडद्याच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो. पुरेसा इशारा मिळाला की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत शिरतं, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात पेशी एक ठिणगी टाकून पुन्हा जागेवर येते. ही ठिणगी पुढच्या पेशींना इशारा देते. काही पेशी 'चल, तूही टाक' असं सांगणाऱ्या असतात आणि काही 'थांब' म्हणणाऱ्या. मेंदूच्या वरच्या थरात साधारण पाचातली एक पेशी अशी थांबवणारी असते. बँकेत काउंटरवर कितीही गर्दी असली तरी पासिंग ऑफिसरची सही झाल्याशिवाय पैसे बाहेर जात नाहीत, तसंच हे. थांबवणाऱ्या पेशी थोड्या, पण त्यांच्यामुळेच कारभार चालतो.

आता टाळ्यांचं उदाहरण घ्या. गॅदरिंगला नाटुकलं संपलं की सगळे टाळ्या वाजवतात, पण प्रत्येकाची टाळी वेगळ्या क्षणी पडते. खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माणसाला नुसती सळसळ ऐकू येते. तेच लोक आरतीला एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले की पार्किंगमध्येही ठण्‌ ठण्‌ ऐकू येतं. माणसं तेवढीच आणि हातही तेवढेच. बदललं एवढंच, की सगळ्यांचा क्षण एक झाला.

जागेपणी मेंदू पहिल्या प्रकारात असतो. शेजारच्या पेशीसुद्धा आपापलं काम आपापल्या वेळी करतात, म्हणून तर आपण एकाच वेळी बोलतो, चालतो, पिशवी सांभाळतो. फिटमध्ये लाखो पेशी एका क्षणी ठिणगी टाकतात, पुन्हा टाकतात, पुन्हा टाकतात. थांबवणाऱ्या पेशी कमी पडतात. आणि एका ठेक्यात अडकलेल्या पेशींना त्यांचं नेहमीचं काम करता येत नाही. एकत्र येणं हाच काही आजार नव्हे बरं का. गाढ झोपेतही मेंदूच्या लहरी संथ आणि मोठ्या असतात. पण तिथे लगाम शाबूत असतो, फिटमध्ये तो सुटलेला असतो.

डोक्याला तारा लावून काढतात तो ईईजी म्हणजे पार्किंगमध्ये उभं राहून ऐकणंच आहे. एकट्या पेशीचा आवाज कवटीबाहेर येत नाही, एका ठेक्यातल्या हजारोंचा येतो. जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि 1929 साली ती प्रसिद्ध केली.

आता पुतण्याची हकीकत. वय 34, तब्येत ठणठणीत. रात्री जेवायला बसला असताना उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. त्याला कळत होतं, तो बायकोला म्हणालाही, "हे बघ काय होतंय." मग बोटं, मग मनगट, मग कोपर. उजवीकडे तोंडाचा कोपरा ओढला गेला, शब्द अडखळले. मग मान वळली, तो खाली पडला, सगळं अंग ताठ झालं, दातखीळ बसली आणि हातपाय झटके देऊ लागले. दोनेक मिनिटांनी झटके विरळ होत थांबले. तो घोरायला लागला. जाग आल्यावर उजवा हात तासभर जड होता, पेला उचलवेना. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका आला.

शेजारी धावत आले तेव्हा सगळं अंग झटके देत होतं. त्यांनी डॉक्टरांना तेवढंच सांगितलं. पण सुनेनं अंगठ्यापासून सगळं क्रमानं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता मला कळलं कुठे बघायचं ते."

कसं कळलं? मेंदूच्या वरच्या थरात शरीर हलवणारा एक पट्टा आहे, दोन्ही बाजूंना एकेक. डावीकडचा पट्टा उजवं अंग हलवतो. त्यात चेहरा, अंगठा, बोटं, मनगट, कोपर, खांदा यांच्या जागा ओळीनं शेजारी-शेजारी आहेत. ठेका अंगठ्याच्या जागी सुरू झाला. सुरुवातीला भोवतालच्या थांबवणाऱ्या पेशी त्याला कुंपण घालतात. पण कुंपणाची ताकद संपत जाते आणि ठेका पलीकडच्या जागेत शिरतो. मेंदूतला नेहमीचा संदेश सेकंदाला कित्येक मीटर धावतो, हे कुंपण मात्र सेकंदाला काही मिलिमीटर या गतीनं मोडत जातं. म्हणून अंगठ्यापासून कोपरापर्यंत जायला इतके सेकंद लागले आणि आपल्या डोळ्यांना तो प्रवास दिसला. शेवटी दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंवरून ठेका उजव्या बाजूलाही गेला, तेव्हा शुद्ध हरपली. नंतरचा जडपणा म्हणजे फिट सुरू झालेला भाग दमून गप्प झालेला. काही वेळानं तो आपोआप जातो.

लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हा क्रम नुसता पाहून ओळखलं होतं, की मेंदूत असा नकाशा असणार. 1870 साली जर्मनीत फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन ते दाखवून दिलं. तेव्हा ईईजीही नव्हता आणि एमआरआयही नव्हता.

पुतण्याच्या एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, बरोबर हाताच्या जागेजवळ, एक बारीकशी गाठ दिसली. फीतकृमीच्या अळीची. आपल्या देशात अशा फिटचं हे एक नेहमीचं कारण आहे. वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरात मांस येत नाही!" पण ही अंडी मांसातून नव्हे, तर मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि नीट न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून पोटात जातात. शाकाहारी माणूस त्यातून सुटत नाही.

एका ठिकाणी सुरू होणाऱ्या या फिटला फोकल म्हणतात. ती हातातच सुरू होते असं नाही. कानशिलाच्या भागात सुरू झाली तर पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, माणूस शून्यात बघतो, ओठ चाटतो, कपडे चाचपतो, आणि एखाद-दोन मिनिटांनी गोंधळलेला असतो. जागा कुठली, त्यावर लक्षण ठरतं.

दुसरी हकीकत नातीची. नऊ वर्षांची. शाळेतून तक्रार आली, 'वर्गात लक्ष नसतं.' घरी ती बोलता बोलता थांबायची, पापण्या फडफडायच्या, आठ-दहा सेकंदांत वाक्य पुढे चालू. पडणं नाही, झटके नाहीत. आजीनं शुद्धलेखनाची वही उघडली, तर प्रत्येक पानावर मधले दोन-तीन शब्द गाळलेले आणि तिथे पेनची एक ओढलेली रेघ. डॉक्टरांनी तिला जोरजोरात श्वास घ्यायला लावला. दुसऱ्या मिनिटाला ती थांबली, आणि ईईजीच्या पडद्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच क्षणी मोठ्या लहरी उठल्या, सेकंदाला तीन या ठेक्यानं.

इथे अंगठा नाही, नकाशावरचा प्रवास नाही. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचं केंद्र आहे, जवळजवळ सगळ्या संवेदना तिथून वरच्या थराकडे जातात. थॅलॅमस आणि वरचा थर यांच्यात संदेशांची सतत ये-जा असते. ही ये-जाच एका ठेक्यात अडकते, आणि केंद्राचा संबंध दोन्ही अर्धगोलांशी असल्यामुळे पहिल्या क्षणापासून दोन्ही बाजू त्यात ओढल्या जातात. ठेका सुटला की मूल तत्काळ जागेवर. याला जनरलाइज्ड म्हणतात, आणि नातीच्या प्रकाराला ॲब्सेन्स. एमआरआयमध्ये बहुधा काही सापडत नाही, कारण गाठ किंवा व्रण नसतोच, घडणच तशी असते. सगळं अंग ताठ होऊन झटके येणारी फिटही कधी अशी पहिल्या क्षणापासून दोन्हीकडे सुरू होते. तेव्हा मात्र अंगठा आधी उडत नाही.

म्हणून शेवट बघून काही ठरत नाही, सुरुवात बघावी लागते. आणि त्यावर औषध ठरतं. कार्बामॅझेपिन हे फोकल फिटचं जुनं आणि चांगलं औषध आहे. पुतण्याला ते लागू पडलं. तेच नातीला दिलं असतं तर तिचे झटके वाढण्याची शक्यता होती. तिला एथोसक्सिमाइड दिलं, ते थॅलॅमसमधला तो ठेकाच मोडतं. म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याला 'आमच्याकडे ह्यानं गुण आला' म्हणून सुचवू नयेत.

आता डॉक्टरांची अडचण बघा. पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा फिट संपलेली असते. ईईजी अर्ध्या-पाऊण तासाचा, त्या वेळात मेंदू शांत असला तर रिपोर्ट नॉर्मल येतो, पण त्यावरून आजार नाही असं होत नाही. पेशंटला स्वतःला बहुतेक आठवत नाही. उरतो कोण? बघणारा. झोपेत फिट आली आणि सुरुवात कोणीच पाहिली नाही, तर डॉक्टरही 'सुरुवात अज्ञात' असंच लिहितात.

तेव्हा आपल्या जिन्यात, बागेत, हॉलमध्ये कोणाला फिट आली तर कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांच्या मागे धावू नका. त्यांनी ठेका मोडत नाही. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी देऊ नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर ॲम्ब्युलन्स. पहिलीच फिट असेल तर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि एकानं तरी नीट बघावं. आधी काय हललं, कुठल्या बाजूचं? मान कुठे वळली? बोलत होता का? किती वेळ चाललं? नंतर कुठला हात जड होता? घरच्यांनी मोबाइलवर चित्रण केलं तर फारच चांगलं, पण ते डॉक्टरांसाठी, सोसायटीच्या ग्रुपसाठी नाही.

पुतण्याची गाठ विरली, दोन वर्षांत फिट आलेली नाही. नात सहावीत गेली, वहीतली रेघ थांबली. कोणाला काही विचारायचं असेल तर चहा होईपर्यंत मी इथेच आहे.