‘विचारायचं होतं’ : भूतकाळ की अदब?

तलाठ्याच्या कचेरीत एक शेतकरी जातो, दाराशी वहाणा काढतो आणि म्हणतो, “रावसाहेब, सातबाऱ्याचा उतारा हवा होता.” यावर कोणी व्याकरणाचा अभिमानी असे म्हणेल, “हवा होता? म्हणजे आता नको ना? मग ‘हवा आहे’ असं म्हण!” व्याकरणातला काळ पाहिला तर त्याचे म्हणणे बिनतोड वाटते. पण बोलणाऱ्याच्या मनातला काळ त्याला कळलेला नाही. उतारा आजच हवा आहे, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे आणि तलाठ्यालाही ठाऊक आहे. कोणाचाही घोटाळा झालेला नाही.

मग ‘होता’ कशासाठी? ‘मला विचारायचं आहे’ असे म्हटले की ते वाक्य समोरच्यापुढे ठाण मांडून बसते. त्याला उत्तर देणे भागच पडते. ‘मला विचारायचं होतं’ म्हटले की इच्छा घरून निघतानाच मनात होती, आता तुम्हाला सवड असेल तरच बोलू, असा भाव येतो. नकार देणाऱ्याला नकार देणे सोपे जाते. इच्छा एक पाऊल मागे सरकते, आणि त्या अंतराचेच नाव अदब. “म्हटलं, जाता जाता तुम्हाला भेटून जावं,” यातले ‘म्हटलं’ही त्याच जातीचे. इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींना हीच गोष्ट ‘आय वॉन्टेड टू आस्क’ आणि ‘आय वॉज वंडरिंग’ या वाक्यांत भेटेल. तिथेही विचारणे आत्ताचेच असते.

आता ही अदब की खरा भूतकाळ, हे ओळखायचे कसे? ‘होतं’च्या जागी ‘आहे’ घालून पाहा. “गुरुजी, एक शंका विचारायची होती,” यात ‘आहे’ घातले तर मागणी तीच राहते, फक्त बोलणे थोडे रोखठोक होते. मग दुरुस्तीला हात लावू नका. पण “काल शंका विचारायची होती, पण तास संपला,” यात ‘आहे’ बसतच नाही. हा खरा भूतकाळ. तोही बरोबरच आहे. फक्त प्रकार निराळा.

एक तिसरा प्रकार मात्र चकवतो. घरातला थोरला भाऊ रागाने म्हणतो, “बैल विकण्याआधी मला विचारायचं होतं!” इथे विचारणारा तो नव्हे, त्याला कोणी विचारले नाही, हे गाऱ्हाणे आहे. शब्द तेच, पण जोर ‘मला’वर. गाळलेला कर्ता घालून पाहा: “तुम्ही मला विचारायचं होतं.” अदबीच्या वाक्यात मात्र भर पडेल ती “मला तुम्हाला विचारायचं होतं” अशी. तोंडी बोलताना स्वर हा भेद सांगतो. कागदावर स्वर नसतो, म्हणून तिथे कर्ता लिहावा.

कागदाचा विषय निघालाच आहे, तर दुरुस्ती कुठे करावी तेही पाहू. विद्यार्थ्याने अर्जात लिहिले, “मला दोन दिवसांची रजा हवी होती.” समोरासमोर हे वाक्य शोभते. पण अर्ज दप्तरात राहतो, आठ दिवसांनी दुसराच माणूस तो वाचतो, आणि त्याला प्रश्न पडतो: रजा हवी होती, मग मिळाली की गरज सरली? तिथे “दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती” असे लिहायला शिकवावे. अदब तीच राहते आणि संशय उरत नाही.

दुसरी दुरुस्ती लिंगवचनाची. ‘उतारा हवा होता’, ‘रजा हवी होती’, ‘पुस्तके हवी होती’. मागितलेल्या वस्तूप्रमाणे रूप बदलते. ते चुकले तर जरूर सुधारा. तसेच अदबीचा ‘होतं’ मागणीपुरताच असतो, पुढच्या मजकुराला त्याचा संसर्ग होऊ देऊ नये. “मला विचारायचं होतं, उद्या शाळा आहे का?” हे बरोबर. इथे ‘उद्या शाळा होती का’ केले, तर प्रश्नच बदलतो: उद्याची ठरलेली शाळा रद्द झाली की काय, असे ऐकणाऱ्याला वाटेल.

आणि ही अदब सवडीची आहे. विहिरीत पोर पडले असता “जरा दोर हवा होता” असे कोणी म्हणत नाही, “दोर आणा!” असेच ओरडतो. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मूल वर्गात उभे राहून “बाई, बाहेर जायचं होतं,” असे म्हणाले तर काळ सुधारत बसू नका. त्याला आधी बाहेर जाऊ द्या.